‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणजे दुखतंय की नाही?

ओमान, येमेन, इराक इथून बरेच रुग्ण उपचारासाठी मुंबईला येतात. कुणाचा गुडघा, कुणाचं हृदय, कुणाचं मूत्रपिंड. सोबत मुलगा किंवा भाऊ असतो आणि खाटेशी माझ्यासारखं कुणीतरी उभं असतं. मी दुभाषी आहे. डॉक्टरांसाठी अरबीचं इंग्रजी करते आणि वॉर्डातल्या मावशींसाठी, सिस्टरांसाठी मराठी. लहानपण मस्कतला गेलं, त्यामुळे अरबी कानावर पडतच मोठी झाले. पुढे ती रीतसर शिकले.

आजारांची, औषधांची, तपासण्यांची नावं मला अडवत नाहीत. ती कोशात सापडतात. अडतं ते देवाचं नाव घेऊन बोलल्या जाणाऱ्या, दिवसभर कानावर पडणाऱ्या साध्या वाक्यांपाशी. ‘देव तुला बरकत देवो’, ‘देव तुला सुखरूप ठेवो’, ‘देव तुझं भलं करो’. शब्दांचा अर्थ कुठल्याही विद्यार्थ्याला सांगता येईल. पण त्या क्षणी त्या माणसाने त्या वाक्याने काय केलं? आभार मानले, नकार दिला, बोलणं संपवलं, की वेदना झाकली? ते कोशात नसतं, आणि डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.

सगळ्यात आधी ‘अल्हम्दुलिल्लाह’. सर्व स्तुती ईश्वराची. मुसलमान असो की ख्रिस्ती, अरबी बोलणारा कुणीही ‘कैफ हालक’ला, म्हणजे ‘कसा आहेस’ला, हेच उत्तर देतो. बरा असला तरी आणि नसला तरी. देवाने जे दिलं त्याबद्दल कुरकुर करायची नाही, हा संस्कार त्यामागे आहे. दिवाणखान्यात या उत्तराने काही बिघडत नाही. रुग्णालयात बिघडू शकतं.

एक ओमानी आजी होत्या. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. सकाळच्या फेरीला डॉक्टर आले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, दुखणं कसं आहे, शून्य ते दहामध्ये किती? मी विचारलं, ‘कम मिन अशरा?’ आजी म्हणाल्या, ‘अल्हम्दुलिल्लाह. अल्हम्दुलिल्लाह अला कुल्ल हाल.’ शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करायचं तर ‘देवाची कृपा, प्रत्येक परिस्थितीत देवाची स्तुती’ असं काहीतरी होतं. इंग्रजी ऐकणारा त्यातून ‘ठीक आहे’ एवढंच उचलतो. मग कागदावर दुखणं नाही असं लिहिलं जातं, वेदनाशामक औषध आहे तेवढंच राहतं, आणि फिजिओथेरपिस्ट येतात तेव्हा आजी गुडघा वाकवायला तयार होत नाहीत. या ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत गुडघा वाकला नाही तर तो आखडतो, आणि नुसतं पडून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ईश्वराच्या स्तुतीचं चुकीचं भाषांतर इथवर पोचतं.

आजींच्या उत्तरातच खूण होती. नुसतं ‘अल्हम्दुलिल्लाह’ कुठेही चालतं. त्याला ‘अला कुल्ल हाल’, म्हणजे ‘कोणत्याही अवस्थेत’, जोडलं की कान टवकारायचे. अवस्था बरी नसली की माणूस हे जोडतो. मी डॉक्टरांना सांगितलं, आजींनी देवाचे आभार मानलेत, दुखण्याबद्दल अजून काही सांगितलेलं नाही, मी पुन्हा विचारू का? डॉक्टरांनी मान हलवली. दुभाषाने स्वतःच्या मनाने ‘यांना दुखतंय’ असं सांगून टाकायचं नसतं. आकडा रुग्णाच्याच तोंडून यायला हवा. म्हणून मी विचारलं, रात्री झोप लागली का? नाही. कूस बदलता येते का? मुलगी आधार देते तेव्हाच. मग त्या पुन्हा ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणाल्या, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बस...’

आपला ‘बस’ थांबवतो. त्यांच्या बोलीतला हा ‘बस’ म्हणजे ‘पण’, तिथून खरं बोलणं सुरू होतं. देवाचे आभार आधी मानून झाले की मग तक्रार करायला मुभा असते. त्या ‘बस’ची वाट पाहायची, मधल्या शांततेत आपण बोलायचं नाही, हे मला या कामात फार महत्त्वाचं वाटतं. आजींचा आकडा आठ होता. औषधाची मात्रा त्याच फेरीत बदलली, आणि व्यायामाच्या आधी ते कधी द्यायचं तेही ठरलं.

डॉक्टर गेल्यावर सिस्टरने मला मराठीत विचारलं, काय म्हणत होत्या हो? मी म्हटलं, ‘म्हणत होत्या, चाललंय देवाच्या दयेने.’ सिस्टर लगेच म्हणाली, ‘म्हणजे दुखतंय चांगलंच.’ तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या घरीही कुणीतरी असेलच, ताप अंगात असताना ‘बरी आहे गं’ म्हणणारं. इंग्रजीत मला वाक्याच्या बाहेर येऊन खुलासा करावा लागला, मराठीत वाक्यच पुरलं. ‘चाललंय’ हा शब्द किती कामं करतो!

मराठीला आणखी एक सोय आहे. अरबीत आशीर्वादाचं क्रियापद पुष्कळदा भूतकाळी रूपात येतं. ‘बारकल्लाहु फीक’ व्याकरणाने ‘देवाने तुझ्यात बरकत घातली’ असं आहे, पण अर्थ ‘घालो’ असा. ‘जज़ाकल्लाहु ख़ैरन’ म्हणजे ‘देव तुला चांगलं फळ देवो’. (हा ‘ख़ैर’ आपल्याला परका नाही. ‘तुझी खैर नाही’ म्हणतो तोच.) बोलीभाषेत रूप बदलतं, ‘अल्लाह यसल्लिमक’, देव तुला सुखरूप ठेवो. हा ‘-ओ’ मराठीत जिवंत आहे. देवो, होवो, राहो, लाभो. बसमध्ये जागा दिलेल्या मुलीला एखादी आजी सहज म्हणते, ‘देव तुझं भलं करो गं.’ इंग्रजीत असं वाक्य लग्नपत्रिकेत किंवा चर्चमध्ये शोभतं. औषधाची ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाला कुणी तसं म्हणत नाही. म्हणून डॉक्टरांसाठी मी बहुतेकदा आशीर्वादाचे साधे आभार करते, आणि तेच वाक्य मावशींना सांगताना देवासकट ठेवते.

पण हेही सरसकट चालत नाही, आणि हे माझ्या लक्षात यायला बराच काळ लागला. मराठीत आशीर्वादाला उतार असतो. मोठ्याकडून धाकट्याकडे तो येतो. धाकट्याने वाकायचं, ‘आशीर्वाद असू द्या’ म्हणायचं. मोठ्याने ‘सुखी राहा’, ‘औक्षवंत हो’ म्हणायचं. वासुदेव दारात येऊन म्हणतो, दान घेणारा म्हणतो, त्यांची रीत वेगळी. पण वीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या बाईला ‘देव तुम्हाला सुखी ठेवो’ म्हटलं तर ती चमकून बघेल. अरबीत हा उतार नाही. नातू आजोबांना, रुग्ण डॉक्टरला, गिऱ्हाईक दुकानदाराला आणि दुकानदार गिऱ्हाइकाला, कुणीही कुणालाही आशीर्वाद देतो. तो सारख्या उंचीवरच्या दोन माणसांतला व्यवहार आहे.

‘यअतीक अल्-आफ़िया’ हे त्याचं रोजचं उदाहरण. शब्दशः ‘(देव) तुला आफ़िया देवो’. आफ़िया म्हणजे दुखण्याखुपण्यापासून, संकटांपासून सुटका, धडधाकटपणा. आपला ‘माफ’ त्याच धातूतून आला आहे. हे वाक्य काम करणाऱ्या माणसाला उद्देशून असतं. रस्ता झाडणाऱ्याला, टॅक्सीवाल्याला, उशिरापर्यंत कचेरीत बसलेल्या सहकाऱ्याला. काम चालू असताना आत शिरलात तर तेच नमस्कार होतं, काम झाल्यावर आभार होतं, आणि निघताना निरोप. ‘तू राबतो आहेस हे मला दिसतंय’ हा त्याचा गाभा.

त्या ओमानी आजींची चादर बदलायला मावशी आल्या की आजी म्हणायच्या, ‘यअतीच अल्-आफ़िया, या बिंती.’ बाईला बोलताना ‘क’चा ‘च’ होणं ही आखाती बोलींची एक लकब. आजी सत्तरीच्या, मावशी पन्नाशीच्या, शिवाय ‘माझ्या मुली’ म्हणून हाक मारलेली. इथे मी निःशंकपणे म्हणते, ‘आजी म्हणतायत, देव तुला धडधाकट ठेवो बाळा.’ उतार बरोबर आहे. पण तेच वाक्य आजींचा विशीतला नातू मावशींना म्हणतो तेव्हा मी देवाला बाजूला ठेवते. ‘मावशी, फार केलंत तुम्ही आमच्यासाठी.’ कष्टांची दखल पोचली, वयाचा मान राहिला. वाक्यातला एकही शब्द मूळचा नाही, तरीही हे मला जास्त इमानदार भाषांतर वाटतं.

आणि मग येतं उत्तर. अरबी आशीर्वाद एकटा राहत नाही, त्याची जोडी ठरलेली असते. ‘यअतीक अल्-आफ़िया’ला ‘अल्लाह युआफ़ीक’. आजाऱ्याला म्हणायच्या ‘सलामतक’ला ‘अल्लाह यसल्लिमक’. कुणी न्हाऊन किंवा केस कापून आलं की ‘नईमन’, त्याला ‘अल्लाह यिनअम अलैक’. पहिल्या वाक्यातलाच धातू उचलून देवाच्या नावाने परत करायचा. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सीरियातल्या अरबीतल्या अशा उत्तरांवर 1967 साली एक निबंध लिहिला. धातूचा प्रतिध्वनी, असं त्याने त्याला म्हटलं आहे. पहिला आवाज आला आणि प्रतिध्वनी आला नाही, तर समोरच्याला काहीतरी खटकतं. आपण काही चुकीचं बोललो का, ही बाई रागावली आहे का, असं वाटतं.

मराठी माणूस आशीर्वाद परत करत नाही. आभार मानले की तो ते झटकून टाकतो. ‘असू दे’, ‘त्यात काय एवढं’, ‘आमचं कामच आहे ते’. मावशी मान खाली घालून चादरीच्या घड्या घालत म्हणतात, ‘असू दे हो आजी.’ हे शब्दशः अरबीत नेलं तर ‘ते राहू दे, सोडून दे’ असं काहीतरी कोरडं होईल. मी म्हणते, ‘अल्लाह युआफ़ीच.’ मावशींनी देवाचं नाव घेतलं नव्हतं. दुभाषाने पदरचं घालू नये हा नियम मी मानते, आणि तरीही इथे मी पदरचं काही घातलं असं मला वाटत नाही. ‘असू दे’चं काम होतं आभार नीट स्वीकारल्याचं सांगणं. अरबीत ते काम या वाक्याने होतं. आजींच्या चेहऱ्यावरून कळतं की जोडी पूर्ण झाली.

प्रदेश बदलला की आफ़ियाही दगा देते. मोरोक्कोच्या बोलीत ‘आफ़िया’ म्हणजे विस्तव. तिथल्या माणसाला हे वाक्य म्हणणं म्हणजे ‘देव तुला आग देवो’. म्हणून मी ज्या देशातला रुग्ण, त्या देशाचं वाक्य वापरते. खात्री नसेल तर सगळीकडे चालणारं ‘बारकल्लाहु फीक’.

हातांना दिलेला आशीर्वाद मराठीत किती सुंदर बसतो हे मला वॉर्डातच कळलं. ‘तस्लम यदक’, तुझा हात सुरक्षित राहो. स्वयंपाक करणाऱ्याला म्हणतात, शिंप्याला म्हणतात, टाके घालणाऱ्या सर्जनलाही म्हणतात. इंग्रजीत हात गळून पडतात आणि उरतात आभार. मराठीत हात राहतो, पण हातातली गोष्ट बदलावी लागते. खाऊ घालणारीला ‘तुमच्या हाताला चव आहे’, आणि डॉक्टरला ‘तुमच्या हाताला यश आहे’. एका येमेनी गृहस्थांनी टाके काढणाऱ्या तरुण डॉक्टरला हे वाक्य म्हटलं. डॉक्टर मराठी होता, म्हणून मी इंग्रजीऐवजी मराठीतच सांगितलं, ‘तुमच्या हाताला यश आहे म्हणतायत.’ तो एकदम लाजला. ‘थँक यू’ ऐकून कुणी असं लाजत नाही.

इराकी रुग्णांच्या बाबतीत मात्र मला सावध राहावं लागतं. त्यांच्याकडे आभाराचं अगदी रोजचं वाक्य आहे, ‘रहमल्लाह वालदैक’. देव तुझ्या आईवडिलांवर दया करो. पाण्याची बाटली दिली तरी म्हणतात, दार धरलं तरी म्हणतात. मुलाने चांगलं केलं, त्याचं पुण्य त्याला घडवणाऱ्या आईबापाला लागो, अशी ती भावना. उत्तर असतं, ‘व वालदैक’, तुझ्याही. मोरोक्कोतही याच्या जवळचं वाक्य आहे आणि तिथे ते विनंतीसाठीही वापरतात. अडचण अशी की ‘देव दया करो’ हे मेलेल्या माणसासाठीही म्हणतात, आणि इंग्रजीत किंवा मराठीत उतरल्यावर तोच अर्थ पुढे येतो. एका परिचारिकेने भ्रमणध्वनीवरच्या कोशातून या शब्दांचा अर्थ काढला आणि घाबरून मला विचारलं, ‘माझे आईबाबा चांगले धडधाकट आहेत, हे असं का म्हणतायत?’ मी तिला सांगितलं, ते म्हणतायत, धन्य तुझ्या आईवडिलांची. आपल्याकडे नेमकी हीच भावना याच शब्दांत बोलतात, फक्त इतक्या वेळा बोलत नाहीत.

आता सगळ्यात नाजूक भाग, आभार मानून दिलेला नकार. अरबीत, आणि खरं तर मराठीतही, वडीलधाऱ्या किंवा शिकलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून नकार आशीर्वादात गुंडाळून येतो.

एका रुग्णाची अँजिओग्राफी झाली होती. तीन रक्तवाहिन्यांत अडथळे होते. डॉक्टरांनी बायपासचा सल्ला दिला, चित्र काढून नीट समजावलं आणि विचारलं, मग गुरुवारी करायचं का? रुग्णाच्या मोठ्या मुलाने उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, ‘अल्लाह यज्ज़ाक ख़ैर, या दक्तूर. यसीर ख़ैर इन्शाल्लाह.’ शब्दशः, देव तुम्हाला चांगलं फळ देवो डॉक्टर, चांगलं होईल, देवाची इच्छा असेल तर. डॉक्टरांनी त्याचा हसरा चेहरा पाहिला, छातीवरचा हात पाहिला, आणि हे शब्द इंग्रजीत ऐकले असते तर त्यांनी गुरुवारची वेळ नक्की केली असती.

मी मात्र ‘यसीर ख़ैर’पाशी अडखळले. चांगलं होईल, पण कोण करणार? कधी? या वाक्यात कर्ताच नाही. मान्य असतं तर ‘तम्म’ किंवा ‘मुवाफ़िक़ीन’ म्हणाला असता. शिवाय होकार देणारा माणूस पुढचे प्रश्न विचारतो. खर्च किती, उपाशी कधीपासून राहायचं, रक्त कुणी द्यायचं, किती दिवस राहावं लागेल. या मुलाने एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि आभारांनी बोलणं संपवलं होतं. काम संपायच्या आधी आलेले आभार म्हणजे बहुधा ‘पुरे’ असतं. चहाचा दुसरा कप पुढे केल्यावर कुणी ‘शुक्रन’ म्हणालं तर तो ‘नको’ असतो, तसंच.

पण हाही माझा अंदाजच. तो नकार म्हणून सांगणंही चूक झालं असतं. घरच्यांशी फोनवर बोलल्याशिवाय मुलगा ठरवू शकत नसेल, इतकंच असेल. म्हणून मी डॉक्टरांना इंग्रजीत एवढंच सांगितलं की त्यांनी तुमचे आभार मानलेत, हो किंवा नाही असं काही म्हटलेलं नाही. डॉक्टरांनी मग फार चांगला प्रश्न विचारला. ठरवायच्या आधी तुम्हाला कुणाशी बोलायचं आहे? मुलाचे खांदे सैल झाले. मोठे काका मस्कतला होते. त्यांच्या मित्राला स्टेंट बसवून चार दिवसांत घरी पाठवलं होतं, मग वडिलांची छाती उघडायची कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. संध्याकाळी काकांना फोन लावून डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं, मी दोन्हीकडचं बोलत होते. शेवटी काका म्हणाले, ‘ख़लास, तवक्कलना अलल्लाह.’ आम्ही देवावर भरवसा टाकला. यातही देव आहेच, पण इथे कर्ता ‘आम्ही’ आहे आणि क्रिया झालेली आहे. हा होकार. लगेच पाठोपाठ त्यांनी विचारलं, रक्त किती बाटल्या लागेल?

मुलाचं ते पहिलं वाक्य मराठीत करायचं असतं तर मला काहीच जड गेलं नसतं. ‘देव तुमचं भलं करो डॉक्टर. बघू, होईल सगळं चांगलं.’ ‘बघू’ ऐकल्यावर मराठी माणूस गुरुवारची तारीख वहीत लिहीत नाही.

उलट दिशेचं एक वाक्य राहिलं. रुग्ण दगावला की डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना इंग्रजीत ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणतात. ‘सॉरी’ला अरबीत ‘आसिफ़’ हा शब्द आहे, तो क्षमा मागताना वापरतात. ‘अना आसिफ़’ म्हटलं तर दुःखात बुडालेल्या माणसाला वाटू शकतं की डॉक्टर आपली चूक कबूल करतायत. तिथे म्हणायचं असतं ‘अज़्ज़मल्लाहु अज्रकुम’, देव तुमचं पुण्यफळ वाढवो. सोसल्याचं फळ असतं या श्रद्धेतून आलेलं वाक्य. मी आता डॉक्टरांना आधीच विचारते की हे तीन शब्द तुम्ही स्वतः म्हणाल का. म्हणायला काही मिनिटांत येतात. ते स्वतः म्हणतात तेव्हा मला मध्ये यावं लागत नाही, आणि नातेवाईक थेट त्यांच्याकडे बघून उत्तर देतात, ‘शकरल्लाहु सअयकुम’. देव तुमच्या येण्याची, तुमच्या प्रयत्नांची कदर करो. सांत्वनाला आलेल्या कुणालाही हेच म्हणतात. डॉक्टर नंतर विचारतात, ते उपचारांबद्दल बोलत होते का? मी सांगते, नाही, तुमचं सांत्वन त्यांच्यापर्यंत पोचलं असं म्हणाले. उपचारांबद्दल त्यांना काय वाटतं, ते विचारायला मी उद्या येईन.